प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण हाताची आग थांबत नाही

चैत्राली
आईबद्दल विचारायचं आहे. वय ५८. पाय घसरून उजव्या हातावर पडली, मनगटाजवळ हाड तडकलं. हाड सरकलेलं नव्हतं, त्यामुळे ऑपरेशन नाही, ५ आठवडे प्लास्टर. ते काढून आता ३ आठवडे झाले आहेत. नवीन एक्सरेत हाड व्यवस्थित जुळलेलं दिसतंय.

पण हात बरा व्हायच्या ऐवजी बिघडतोय. मनगटापासून बोटांपर्यंत सूज आहे, हाताची पाठ ताणल्यासारखी चकाकते. रंग कधी लालसर, कधी जांभळट. सतत आग होते आणि रात्री पांघरूण नुसतं टेकलं तरी ती हात ओढून घेते. मूठ वळत नाही. दिवसभर हात झोळीत घालून बसून असते. "व्यायाम करा, हळूहळू जाईल" एवढंच सांगितलं गेलं. एका नातेवाईकाने सीआरपीएस, म्हणजे कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम, हे नाव सांगितलं. हे तेच आहे का, आणि कसं ओळखायचं? हात हलवायचा की जपायचा, हलवायचा तर किती? प्रत्येक जण वेगळं सांगतो आहे.

नानासाहेब
चैत्रालीताई, घाबरू नका. प्लास्टरनंतर हात सुजतो, कडक होतो, हे सगळ्यांचंच होतं. आधी गरम पाण्यात हात बुडवायचा, मग बर्फाच्या पाण्यात, असं आलटून पालटून करा. तेल लावून जोरात चोळा आणि कोणाकडून तरी बोटं दाबून वळवून घ्या. थोडं रडू येईल, पण सांधे एकदा मोकळे झाले की दुखणं थांबतं. शिवाय सी जीवनसत्त्वाच्या गोळ्या, रोज ५०० मिलिग्रॅम. मनगट मोडल्यावर त्याने हाच आजार टळतो असं अभ्यासात दिसलं आहे.

अस्थिवेध
नानासाहेब, सूज आणि कडकपणा बहुतेकांना येतो हे खरं. पण चैत्राली यांनी लिहिलेल्या दोन गोष्टी साध्या कडकपणात बसत नाहीत. प्लास्टरनंतरचा साधा आखडलेला हात शेवटच्या टोकापर्यंत वाकवला की दुखतो आणि सोडला की शांत होतो. इथे हात नुसता ठेवलेला असतानाही आग आहे, आणि पांघरुणाचा स्पर्शही दुखणं ठरतो आहे. दुसरं म्हणजे वेळेची दिशा. साधा हात दर आठवड्याला थोडा सुधारतो, हा बिघडतो आहे.

याचं निदान कोणत्याही एका तपासणीने होत नाही. एक्सरे सुरुवातीला अगदी नॉर्मल असू शकतो, रक्तही नॉर्मल येतं. २००३ साली बुडापेस्टमध्ये तज्ज्ञ एकत्र बसले आणि त्यांनी ठरवलेले निकष आज सगळीकडे वापरतात. त्यात दोन्ही हात शेजारी ठेवून चार बाबतीत तुलना करायची असते: स्पर्शाला नको इतकं दुखणं, तापमान आणि रंगातला फरक, सूज किंवा घाम यातला फरक, आणि हालचाल, नखं, केस, त्वचा यांतला बदल. दुखणं इजेच्या मानाने फार असावं, पेशंटने चारपैकी तीन बाबतीत तक्रार सांगावी, आणि तपासणाऱ्याला किमान दोन बाबतीत त्या वेळी प्रत्यक्ष काही दिसावं. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची: दुसऱ्या कुठल्याही आजाराने हे चित्र जास्त चांगलं उलगडत नसावं.

म्हणून मला आधी पुढची उत्तरं हवी आहेत. ताप येतो का, लाली कोपराकडे चढते आहे का? पूर्ण हात खांद्यापर्यंत सुजलाय की फक्त मनगटाखाली? अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत मुंग्या किंवा बधिरपणा आहे का? आणि तळहात टेबलावर पालथा ठेवून अंगठा एकटा सरळ वर उचलता येतो का? हे शेवटचं विचारायचं कारण असं की न सरकलेल्या मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर काही आठवड्यांनी अंगठा उचलणारी दोरी झिजून तुटू शकते, आणि हात नीट हलत नसला की ते कोणाच्या लक्षातच येत नाही.

किमया
माझ्या दोन्ही तळपायांची रात्री आग होते, पायाला कधी मार लागलेला नाही. मलाही हेच असेल का? मीही बर्फाचे शेक घ्यायला सुरुवात करू का?

रेवा_हँडथेरपी
किमया, तुमचं वेगळं वाटतंय. हा आजार बहुतेक वेळा एका अवयवात, इजेनंतर होतो. दोन्ही तळपायांची रात्री आग होत असेल तर साखर, बी१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. बर्फ सध्या नको, पायांना नीट जाणवत नसेल तर त्वचा भाजल्यासारखी होऊन जखम होते. त्यासाठी वेगळा धागा काढलात तर जास्त जण उत्तर देतील.

चैत्राली
अस्थिवेध, आज सगळं नीट बघितलं. ताप नाही. लाली मनगटाच्या थोडं वर थांबते, पुढे सरकत नाही. सूज मनगटाखालीच आहे. अंगठा एकटा उचलता येतो. दोन्ही हात अर्धा तास उघडे ठेवून कपाळावर धरायच्या थर्मामीटरने बघितले, उजव्या हाताची पाठ डाव्यापेक्षा दीडेक अंश सेल्सिअसने गरम. बोटांच्या मुळाशी फीत गुंडाळून मापलं, उजव्याचा घेर २ सेंटीमीटर जास्त. मूठ वळताना मधल्या बोटाचं टोक तळव्यापासून ४ सेंटीमीटर लांब राहतं. उजव्या तळव्याला घाम येतो, डावा कोरडा असतो. आणि हो, रात्री अंगठा आणि तर्जनीला मुंग्या येतात, मधल्या बोटाला थोड्या. आईने आणखी एक सांगितलं: "हा हात माझा नाहीच, कोणीतरी चिकटवलाय असं वाटतं." हे ऐकून भीती वाटली.

अस्थिवेध
ते वाक्य घाबरण्यासारखं नाही, आणि भ्रमाचं तर मुळीच नाही. या आजारात ते वारंवार ऐकू येतं. मेंदूत प्रत्येक अवयवाचा एक नकाशा असतो, दुखणाऱ्या आणि न वापरलेल्या हाताचा नकाशा विस्कटतो. आईंनी ते बोलून दाखवलं हे बरं झालं, रेवाच्या पुढच्या सल्ल्यात त्याचा उपयोग होईल.

तुम्ही दिलेल्या मापांवरून चारही बाबतीत फरक आहे. डॉक्टरांनी स्वतः तपासून तो पाहिला की निकष पूर्ण होतील. पण मुंग्यांचं मला सोडवत नाही. त्या तीन बोटांना जाणारी नस मनगटातल्या बोगद्यातून जाते. फ्रॅक्चरनंतरच्या सुजेने ती तिथे दाबली जाते, आणि दाबलेली नस हे सगळं पेटतं ठेवू शकते. ते कारण दूर न करता बाकी उपचार केले तर ते अर्धवटच लागू पडतात. नसांची तपासणी करून घ्या. त्या तपासणीत विजेचे बारीक झटके देतात आणि या हाताला ते फार झोंबतात, म्हणून करणाऱ्याला आधी कल्पना द्या.

नानासाहेब
मग हात जपायचा का? न दाबता सांधे उघडतील कसे?

रेवा_हँडथेरपी
नानासाहेब, जपायचा नाही आणि दाबायचाही नाही. दोन्हींमुळे हा आजार वाढतो, फक्त वेगवेगळ्या वाटांनी.

या हातात नसांची टोकं इतकी उत्तेजित असतात की ती स्वतःच अशी रसायनं सोडतात ज्यांनी रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पाणी झिरपतं. म्हणून हात गरम, लाल, सुजलेला. कोणी दुसऱ्याने बोट जोरात वाकवलं की तीच टोकं पुन्हा भडकतात, रात्रीपर्यंत सूज वाढते आणि सकाळी मूठ कालच्यापेक्षा कमी वळते. पेशंटला वाटतं, व्यायामाने बिघडलं, मग ती हात हलवणंच सोडते. झोळीत पडलेला हात आणखी आखडतो, वर मेंदूला त्याच्याकडून काही खबरच मिळत नाही. चोळणं आणि आलटून पालटून गरम-थंड पाणी त्याच कारणाने सध्या नको. बर्फ तर नकोच.

चैत्राली, सुरुवात अशी करा.

झोळी घरात पूर्ण बंद. चालताना हात लोंबकळून सुजत असेल तर तो छातीशी धरा, पण बांधू नका. बसताना उशांवर असा ठेवा की मनगट हृदयाच्या वर राहील. खांदा आणि कोपर दिवसातून चार-पाच वेळा पूर्ण फिरवायचे. मनगट मोडलेल्यांचा खांदा हात जपण्यातच आखडतो आणि मग दोन सांध्यांवर काम करावं लागतं.

बोटं आईने स्वतःच हलवायची, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. मूठ जितकी सहज वळते तितकी वळवून तीन सेकंद धरायची, सोडायची, असं दहा वेळा, जागेपणी दर तासाला. तासाला दोन मिनिटं ही दिवसातून एकदा अर्ध्या तासापेक्षा कितीतरी चांगली.

आता किती हलवायचं ते ठरवायची कसोटी. व्यायाम करताना दुखणं थोडं वाढलं तर चालतं. ते अर्ध्या-पाऊण तासात मूळ पातळीवर यायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर, कामाला लागण्याआधी, बोटांच्या मुळाशी फीत लावा. घेर कालच्याइतका किंवा कमी असेल तर तोच क्रम चालू ठेवा, चार-पाच दिवसांनी थोडा वाढवा. घेर वाढला असेल तर त्या दिवशी सगळं निम्मं करा, शून्य करू नका. हे शून्य करणं घरोघरी होतं, त्यात तीन दिवस जातात आणि चौथ्या दिवशी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

स्पर्शासाठी मऊ कापूस घ्या. दुखऱ्या भागाच्या मध्यावर सुरू करायचं नाही. कोपराजवळ, जिथे स्पर्श नेहमीसारखा वाटतो, तिथून हळूहळू खाली यायचं आणि झोंबायला लागतं त्या सीमेवर थांबून तिथे दोन-तीन मिनिटं फिरवायचं. नजर हातावर हवी. मधूनमधून तोच कापूस त्याच जागी डाव्या हातावर फिरवा, म्हणजे "हे इतकंच आहे" हे मेंदूला कळतं. दिवसातून चार-पाच वेळा. कापूस निभावला की सुती कापड, मग टॉवेल. सीमा रोज अर्धा सेंटीमीटर सरकली तरी पुष्कळ.

विशाखा
आरशाचे व्यायाम म्हणतात ते लगेच सुरू केलेले चालतात ना? त्याने दुखणं लवकर जातं असं ऐकलंय.

रेवा_हँडथेरपी
आरसा उपयोगी आहे, पण तो तिसरा टप्पा. लोक थेट तिथे उडी मारतात आणि काहींचं दुखणं वाढतं, कारण या हाताच्या हालचालीचा नुसता विचारसुद्धा आग पेटवू शकतो.

पहिला टप्पा हातांचे फोटो ओळखण्याचा. दुसऱ्या कोणाच्या तरी एका हाताचे वीस फोटो काढा: मूठ, पालथा, उताणा, कप धरलेला, निरनिराळ्या कोनांतून. प्रत्येक फोटोची आडवी उलटवलेली प्रत काढली की दुसऱ्या हाताचे वीस तयार होतात, चाळीस पत्ते झाले. पिसून एकेक समोर धरा, आईने उजवा की डावा ते सांगायचं. आपला हात वळवून बघायचा नाही, उत्तर मनातूनच यायला हवं. चाळीसपैकी किती बरोबर आले आणि एकूण किती वेळ लागला ते लिहून ठेवा. बत्तीसपेक्षा जास्त बरोबर आणि एका पत्त्याला सरासरी दोन सेकंदांच्या आसपास, असं काही दिवस सलग आलं की पुढे जा. बहुतेकांना दोनेक आठवडे लागतात. दुखऱ्या बाजूचे पत्ते जास्त चुकतात हे बघून घाबरू नका, आजाराची खूणच ती आहे.

दुसऱ्या टप्प्यात फोटोतली हालचाल आपला हात करतोय अशी डोळे मिटून कल्पना करायची, हात प्रत्यक्षात स्थिर. त्यानंतर आरसा.

अस्थिवेध
रेवाच्या सांगण्याला माझी पुस्ती औषधांची, पण ती तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या. हात गरम आणि सुजलेला असतानाच्या काळात पोटातून घ्यायच्या स्टेरॉइडचा लहान कोर्स बऱ्याच जणांना लागू पडतो. दिवसाला साधारण ३० ते ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन दोनेक आठवडे, मग हळूहळू कमी करत बंद. हे जितकं लवकर तितकं चांगलं, सहा महिन्यांनी थंड पडलेल्या हातात त्याचा फारसा उपयोग नाही. मधुमेह असेल तर साखर भडकते, म्हणून आधी ते तपासा. हाड ठिसूळ होऊ नये म्हणून वापरतात ती बिस्फॉस्फोनेट औषधं याच्या दुखण्यावरही सुरुवातीच्या काळात चांगलं काम करतात. रात्रीच्या आगीसाठी झोपताना अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम किंवा गॅबापेंटिन देतात, त्याचा मुख्य फायदा म्हणजे झोप लागते आणि दिवसाचा व्यायाम होतो. अफूजन्य वेदनाशामकांचा इथे फारसा उपयोग होत नाही, सवय मात्र लागते.

नानासाहेबांच्या सी जीवनसत्त्वाबद्दल: जे अभ्यास झाले ते फ्रॅक्चर झाल्या दिवसापासून ५० दिवस रोज ५०० मिलिग्रॅम देऊन आजार टाळण्याचे होते. काहींत फायदा दिसला, २०१४ च्या एका अभ्यासात नाही. आजार झाल्यावर त्याने तो बरा होतो असं कोणी दाखवलेलं नाही. पुढच्या वेळी घरात कोणाचं मनगट मोडलं तर जरूर द्या.

भूलतज्ज्ञ_निशांत
एक राहिलं. मानेतल्या सिम्पथेटिक नसांच्या गाठीत बधिरतेचं इंजेक्शन देऊन हा हात तात्पुरता शांत करता येतो. आग कमी झाल्याच्या त्या काही तासांत किंवा दिवसांत व्यायाम करवून घेता येतो. मी तर हे लवकर करावं या मताचा आहे.

अस्थिवेध
निशांत, इथे आपलं जमणार नाही. काहींना त्याने फरक पडतो हे मान्य, पण सगळ्या अभ्यासांचा पुरावा एकत्र केला तर तो कच्चाच आहे. औषधं आणि थेरपीने चार-सहा आठवड्यांत मूठ पुढे सरकली नाही तर त्याचा विचार करावा, असं माझं मत.

भूलतज्ज्ञ_निशांत
पुरावा कच्चा आहे हे खरं. पण व्यायामच होऊ शकत नाही अशा पेशंटचे चार-सहा आठवडे वाट बघण्यात घालवणं मला पटत नाही. इंजेक्शनचा निर्णय आई दर तासाची मूठ खरोखर करू शकते आहे की नाही यावर घ्यावा.

चैत्राली
सगळ्यांचे आभार. डॉक्टरांनी तपासून सीआरपीएसच म्हणून सांगितलं. साखर नॉर्मल आली म्हणून स्टेरॉइडचा कोर्स सुरू झाला, तो संपत आलाय. सकाळचा घेर डाव्यापेक्षा आता १ सेंटीमीटरच जास्त आहे. मधल्या बोटाचं अंतर ४ वरून अडीच सेंटीमीटरवर. फोटो ओळखण्यात आधी चाळीसपैकी २३ बरोबर यायचे, आता ३४ येतात.

म्हणून कालपासून आरसा सुरू केला. अडचण अशी की आरशामागे उजवा हात ठेवून दोन्ही हातांनी एकदमच मूठ वळायला सांगितलं तर तिला मळमळल्यासारखं झालं आणि रात्री आग वाढली. आज सकाळी घेरही थोडा जास्त आला.

रेवा_हँडथेरपी
३४ छान आहेत, पण पत्त्यामागे वेळ किती लागतो ते लिहिलं नाहीत. चार-पाच सेकंद लागत असतील तर ती विचार करून उत्तर देते आहे, पुढच्या टप्प्याची तयारी झालेली नाही. आणि मधला कल्पनेचा टप्पा राहिला असं दिसतंय. तो सुटला की आरशात असंच होतं.

आज सगळं निम्मं. आरसा आठवडाभर बाजूला ठेवा आणि कल्पनेचा सराव करा, एका वेळी पाच मिनिटं. पुन्हा आरसा घ्याल तेव्हा डाव्या हातातल्या बांगड्या, अंगठी, घड्याळ काढा. आरशात उजवा हात दिसल्यासारखा वाटायला हवा, आणि जे दागिने उजव्यात नाहीत ते दिसले की मेंदू फसत नाही. पहिले दोन दिवस काहीही न हलवता नुसतं बघायचं. मग फक्त डावा हात हलवायचा. उजवा आरशामागे हलवण्याची वेळ त्यानंतर येते, तीही बोट जेमतेम हललं इतकीच.

नानासाहेब
म्हणजे बळ लावायचं कधीच नाही का? हाताने काम कधी करायचं?

रेवा_हँडथेरपी
लावायचं, पण ते बळ तिचं स्वतःचं. सूज आणखी उतरली की उजव्या हातात घासणी धरून टेबलावर दाब देत पुढे-मागे घासायचं, सुरुवातीला एक मिनिट, वाढवत तीन मिनिटं, दिवसातून तीनदा. शिवाय चालताना त्या हातात अर्ध्या किलोची पिशवी. पहिले काही दिवस यानेही सूज थोडी वाढते आणि मग उतरते, म्हणून सकाळची फीत सोडू नका. तीन-चार दिवसांनंतरही घेर वाढतच राहिला तर वजन निम्मं करा.

अस्थिवेध
चैत्राली, नसांच्या तपासणीचा रिपोर्ट आला का? मुंग्या रात्रीच्या रात्रीच राहिल्यात की आता दिवसाही येतात? अंगठ्याच्या मुळाशी तळव्यावर जो उंचवटा असतो तो डाव्याच्या तुलनेत सपाट दिसतोय का तेही बघा. सपाट असेल तर रिपोर्टसाठी थांबू नका, या आठवड्यातच दाखवा.

चैत्राली
तपासणी परवा आहे. उंचवटा सुजेमुळे नीट कळत नाही. मुंग्या दिवसा नाहीत, पण फोन कानाशी धरला की येतात.

अस्थिवेध
फोन धरताना मनगट वाकलेलं असतं, त्यामुळे नसेवरच दाब येतो. तपासणी करणाऱ्याला हे आवर्जून सांगा आणि रिपोर्टमधले त्या नसेचे दोन्ही हातांचे आकडे इथे लिहा. फक्त उजव्याचे आले तर डाव्याचीही करायला सांगा, तुलनेशिवाय त्या आकड्यांवरून ठाम काही सांगता येणार नाही.